पेजमेकरच्या फायली मेलेल्या नाहीत

फिरत असलेला मेसेज असा: "जुन्या पेजमेकरच्या फायली आता कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. एक्स्टेन्शन बदलून .docx करून पाहा. तरी नाही उघडली तर फाइल करप्ट आहे. उघडून इंग्रजीत किडेमकोडे दिसले तर मजकूर गेला समजा. नाहीतर ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाका, एका क्लिकमध्ये शुद्ध युनिकोड मराठी मिळतं."

गेली बरीच वर्षं मी डीटीपीचं काम करतो. गेल्या महिन्यात एका शाळेची १९९९ची स्मरणिका माझ्याकडे आली. ४८ पानं, सीडीवर smaranika.p65 नावाची फाइल, शेजारी फोटोंचं अर्धवट फोल्डर. तीच समोर ठेवून एकेक मुद्दा घेतो.

कुठेच उघडत नाहीत?

छापायची पानं मांडायचा पेजमेकर हा प्रोग्राम १९८५मध्ये अल्डस कंपनीने आणला. १९९४मध्ये अल्डस अ‍ॅडोबीकडे गेली आणि २००१मधली ७.० ही शेवटची आवृत्ती ठरली. प्रोग्राम बंद पडला हे खरं, पण त्याची फाइल वाचणारे बाकीचे प्रोग्राम शिल्लक आहेत. अ‍ॅडोबीच्याच इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रामच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० ते ७ च्या फायली थेट उघडतात. नंतरच्या सीसी मालिकेत ही सोय काढून टाकली. लोक नवं इनडिझाइन उघडतात, तिथे नकार मिळतो, आणि मग मेसेज फिरतो.

फुकटात बघायचं असेल तर लिब्रेऑफिस आहे. ४.४ आवृत्तीपासून त्यात पेजमेकरचा आयात फिल्टर आहे. फाइल त्याच्या ड्रॉ या भागात उघडते, किंवा टर्मिनलवरून सरळ पीडीएफ करता येते:

```
soffice --headless --convert-to pdf smaranika.p65
```

यातून मांडणी हुबेहूब येईल अशी आशा धरू नका. कॉलम सरकतात, चौकटी एकमेकींवर चढतात. फाइलमध्ये जीव आहे की नाही आणि किती पानं आहेत, एवढं दोन मिनिटांत कळतं, आणि पहिल्या दिवशी तेवढंच हवं असतं.

सगळ्यात खात्रीचा रस्ता मात्र मूळ प्रोग्रामचाच. ज्या छापखान्याकडे पेजमेकरची जुनी सीडी पडून आहे त्याने व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज एक्सपी बसवावं आणि त्यात पेजमेकर टाकावा. आजच्या ६४-बिटी विंडोजवर १६-बिटी प्रोग्राम चालतच नाहीत, आणि त्या काळातले काही इन्स्टॉलर १६-बिटी होते. सेटअपच्या पायरीलाच अडून "फाइल गेली" म्हणणारे मी पाहिले आहेत. फाइलपर्यंत ते पोचलेलेच नसतात.

एक्स्टेन्शन बदलण्याचा उपाय

यावर फार शाई खर्च करत नाही. डॉक्स ही खरं तर झिप केलेली पिशवी असते, तिची पहिली दोन अक्षरं PK अशी असतात. पेजमेकरच्या फाइलला तुम्ही .docx नाव दिलंत तरी आतलं एकही बाइट बदलत नाही. वर्ड पिशवी उघडायला जातं, PK सापडत नाही, आणि फाइल खराब असल्याचं सांगतं. पाटी बदलणाऱ्याने स्वतःच ओढवून घेतलेला निकाल आहे तो. यातलं एकच उपयोगी: असल्या प्रयोगातून गेलेली फाइल तुमच्याकडे आली तर आधी विचारून घ्या की मूळ एक्स्टेन्शन काय होतं. .p65 म्हणजे ६.५, .pmd म्हणजे ७.

किडेमकोडे दिसले म्हणजे मजकूर गेला?

इथे थोडं थांबू या, कारण खरी गंमत इथेच आहे.

पेजमेकर फाँट फाइलच्या पोटात ठेवत नाही, फक्त फाँटचं नाव लक्षात ठेवतो. उघडताना तो फाँट मशीनवर नसला की PANOSE Font Matching Results अशी खिडकी येते आणि अमुकच्या जागी टाइम्स वापरू का, असं विचारते. तुम्ही ओके म्हणता आणि पान इंग्रजी अक्षरांनी भरतं. माझ्या स्मरणिकेचं पहिलं पान असं दिसत होतं: `fodkl`, `dk;Z`, `ejkBh`. त्या काळी टाइप केलेलं कुणीही हे वाचून दाखवेल: विकास, कार्य, मराठी. फाँट कृतिदेव ०१०.

त्या काळातले मराठी फाँट इंग्रजीच्या घरात भाड्याने राहायचे. फाइलमध्ये साठवलेला असतो `d` चाच क्रमांक. कृतिदेवमध्ये त्या क्रमांकावर क चं चित्र काढलेलं असतं, इतकंच. म्हणजे मजकूर जागेवर आहे, चष्मा तेवढा हरवला आहे. सीडीवरच K010.TTF सापडला, तो बसवला आणि पान पुन्हा मराठीत आलं.

त्या खिडकीत एक सापळा आहे. तिथे Temporary आणि Permanent असे दोन पर्याय असतात. Permanent घेऊन फाइल सेव्ह केलीत की मूळ फाँटचं नाव पुसलं जातं. मग हा मजकूर कृतिदेवमधला, श्रीलिपीमधला, आकृतीमधला की सी-डॅकच्या फाँटमधला, हे अक्षरांवरून ओळखत बसावं लागतं, कारण प्रत्येकाची चित्रांची जागा वेगळी. म्हणून आधी सीडीची नक्कल, मग Temporary.

फाँट बसला की लगेच त्याच मशीनवरून पीडीएफ छापून घ्या. त्यात फाँट आत बसवता येतो, पान जसं होतं तसं राहतं. पुनर्मुद्रणापुरतं काम असेल तर तिथेच संपलं. फक्त हे ध्यानात असू द्या की त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा `fodkl` च मिळणार.

एका क्लिकमध्ये शुद्ध युनिकोड

मजकूर शोधता यावा, वेबसाइटवर टाकता यावा, असं हवं असेल तर युनिकोड करावंच लागतं, म्हणजे इंग्रजीच्या उसन्या क्रमांकांऐवजी मराठी अक्षरांचे स्वतःचे क्रमांक घालावे लागतात. अक्षरामागे अक्षर बदलून ते होत नाही. का, ते तीन शब्दांत दाखवतो.

`fodkl` मध्ये पहिलं `f` आहे, ती पहिली वेलांटी. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तिथे, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. जागच्या जागी बदललंत तर वेलांटी शब्दाच्या तोंडाशी टिंबांच्या वर्तुळावर लटकते आणि मागून व येतो.

`ewrhZ` म्हणजे मूर्ती. `Z` हा रफार आणि तो शेवटी टाइप केलेला. सरळ बदल केला तर "मूतीर्" मिळतं. रफाराला उडी मारून दीर्घ वेलांटी आणि त दोन्ही ओलांडून मागे जावं लागतं.

तिसरा प्रकार सगळ्यात लबाड. `vk` म्हणजे आ. `v` चा अ आणि `k` चा काना असं वेगवेगळं बदललं तर अ आणि काना अशी दोन चिन्हं शेजारी बसतात. पडद्यावर बहुतेक वेळा ती आ सारखीच दिसतात, पण "आई" शोधलंत तर एकही आई सापडत नाही. म्हणून मोठे जोड आधी बदलायचे आणि सुटी अक्षरं शेवटी. चांगले कन्व्हर्टर हे सगळं सांभाळतात, पण त्यांना फाँट बरोबर सांगितलेला असेल तरच. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या तक्त्यात घातलात तर तो तितक्याच आत्मविश्वासाने कचरा देतो.

त्यात मजकुरातले खरे इंग्रजी शब्द. स्मरणिकेत देणगीदारांच्या नावापुढे B.Sc., M.A. असं टाइम्समध्ये टाकलेलं होतं. साध्या टेक्स्टमध्ये सगळं कॉपी केलं की कुठला तुकडा कुठल्या फाँटचा हे कळत नाही आणि कन्व्हर्टर M.A. लाही मराठी करून टाकतो. म्हणून पेजमेकरमध्ये टी टूलने मजकुरात कर्सर ठेवायचा आणि File मेनूतल्या Export मधून आरटीएफ काढायचं. त्यात प्रत्येक तुकड्याचा फाँट सोबत येतो, फक्त कृतिदेवचे तुकडे बदलायचे. एका वेळी एकच स्टोरी निर्यात होते, त्यामुळे कर्सर प्रत्येक लेखात नेऊन ठेवावा लागतो. ४८ पानांत माझ्या २९ स्टोऱ्या निघाल्या. कंटाळवाणं काम, पण तासाभराचं.

नंतरची तपासणी डोळ्यांवर सोडू नका. लिब्रेऑफिसच्या शोध खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून हे दोन शोध चालवा:

```
(^|\s)[\u093E-\u094D]
\u0930\u094D(\s|$)
```

पहिला शोध शब्दाच्या तोंडाशी लटकलेली काना-मात्रा पकडतो, दुसरा शब्दाच्या शेवटी अडकलेला रफार. पहिल्या फेरीत मला एकूण ६३ जागा मिळाल्या, जवळजवळ सगळ्या जोडाक्षरांवरच्या पहिल्या वेलांटीच्या.

या शोधांतून निसटतो तो आपला मराठी ऱ्य. तो जुन्या पद्धतीने र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहिला जायचा. आता ऱ आणि हलन्त असा लिहितात. बरीच साधनं जुनी पद्धत वापरतात, आणि मजकूर "स्वच्छ" करताना कुठेतरी ते अदृश्य चिन्ह गळतं. शब्द मोडत नाही, वेगळाच होतो. आमच्या स्मरणिकेत गॅदरिंगच्या जेवणाचं वर्णन होतं. कन्व्हर्शननंतर तिथे "आचार्यांना आदल्या दिवशीच कांदे पोचवले" असं आलं. दऱ्या असल्या की त्यांचा दर्या होतो. यावर उपाय एकच: "र्य" शोधायचं आणि प्रत्येक जागा पीडीएफशी ताडून बघायची. माझ्याकडे ११८ निघाल्या, त्यातल्या ४१ चुकीच्या.

मग गेलं काय?

फोटो. पेजमेकर मोठी चित्रं सहसा आत घेत नाही, बाहेरच्या फाइलचा पत्ता ठेवतो आणि पानावर हलक्या दर्जाची झलक दाखवतो. सीडीवर टिफ फायलींपैकी निम्म्याच होत्या, बाकीचे पत्ते ऑपरेटरच्या त्या वेळच्या मशीनवरच्या डी ड्राइव्हचे. झलक छापली तर पडद्यावर बरी दिसते, कागदावर ठिपके. त्या १७ फोटोंसाठी कुठलाही कन्व्हर्टर उपयोगाचा नव्हता. शाळेच्या ग्रंथालयातून छापील अंक मागवला आणि पानं स्कॅन केली. छपाईच्या जाळीमुळे उमटणारी नक्षी काढण्यातच दोन संध्याकाळी गेल्या.