मशेरी धूर देत नाही, निकोटिन देते

"सिगारेट न ओढणाऱ्या गर्भवतीला तंबाखूचा फारसा धोका नसतो."

मग आमच्या कोकणातल्या मशेरीचं काय? तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली तरी निकोटिन सगळं जळून जात नाही. ती हिरड्यांना चोळून पंधरा-वीस मिनिटं तोंडात धरली, की निकोटिन थेट रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. वारेकडचा रक्तपुरवठा घटतो. बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकतं. गरोदरपणाची नोंद घेताना "तंबाखू खाता का?" विचारलं तर बाई सरळ "नाही" म्हणते, कारण तिच्या लेखी मशेरी म्हणजे दंतमंजन! नाव घेऊन विचारायला हवं.

"दिवस गेल्यावर सोडू" हेही उशिराचंच. समजा शेवटची पाळी १ जूनला आली आणि चाचणी १५ जुलैला केली. तोवर सहा आठवडे उलटलेले, बाळाचा मेंदू-मणका जिच्यातून घडतो ती नळी बहुधा मिटलेली. दारूचंही तेच, तिचं सुरक्षित प्रमाण माहीत नाही. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही म्हणून अनेकजणी परत तिच्याकडे वळतात. तिथे कोमट पाणी, पालेभाजी आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेलं औषध कामी येतं.