"त्याच्या मानाने ठीक आहे" म्हणजे नक्की काय हो मॅडम?

आज ताईसोबत भाच्याच्या पेरेंट्स मीटिंगला गेले होते. मॅडम अगदी गोड बोलल्या, म्हणाल्या "त्याच्या मानाने ठीक आहे, उगाच जास्त अपेक्षा ठेवू नका, मग त्याला प्रेशर येतं." ताई मान डोलावत राहिली. माझं मात्र डोकं सटकलं ते अजून ठिकाणावर नाही. पोरगा दुसरीत आहे, दुसरीत! सात वर्षांच्या पोराचं "मान" ठरवून मोकळे झाले हे लोक.

पाचवीत माझ्या बाकावर जी मुलगी बसायची ती सरांच्या लेखी ढ होती आणि मी हुशार. एकदा सरांनी विचारलं, 3/4 मोठा की 2/3? ती उठली, जरा थांबली आणि म्हणाली दोन तृतीयांश. "बस खाली." संपलं. मग मला उठवलं आणि मीपण तेच चुकीचं उत्तर दिलं, कारण मला तरी कुठे येत होतं. पण मला सर म्हणाले, "नीट बघ, दोघांचा छेद सारखा केलास तर?" मग मी 12 छेद घेतला, 9/12 आणि 8/12 आले, तीन चतुर्थांश मोठा. शाब्बास! उत्तर दोघींचं एकच चुकलं होतं, पण अपूर्णांक शिकले मी एकटी. ती काय शिकली? की आपण बसायचं.

हे असं घडतं. कोणी शिक्षक उठून "मी आता याला कमी शिकवणार" म्हणत नाही. ब्रॉफी आणि गुड या दोन अमेरिकन संशोधकांनी 1970 च्या अभ्यासात पहिलीच्या वर्गांत बसून हेच टिपलं, की ज्यांच्याकडून शिक्षकांना आशा आहे ते अडले की त्यांना हिंट मिळते, प्रश्न पुन्हा सोपा करून विचारतात, आणि बाकीच्यांना उत्तर सांगून टाकतात नाहीतर दुसऱ्याला उठवतात. मेरी बड रो या संशोधक बाईंनी तर प्रश्नानंतर शिक्षक किती वेळ थांबतात ते मोजलं, सरासरी एक सेकंद!! आणि त्यातही हुशार समजल्या गेलेल्यांना जास्त वेळ, कच्च्यांना कमी. ज्याला विचार करायला जास्त वेळ लागतो त्यालाच कमी वेळ, काय बोलायचं यावर. बरं, तीनेक सेकंद थांबलं की एरवी गप्प बसणारी मुलंसुद्धा बोलायला लागतात हेही त्यांनीच दाखवलं.

1968 मध्ये छापून आलेला रोझेन्थल आणि जेकबसन यांचा प्रयोग तुमच्यातल्या बीएड वाल्यांना पाठ असेल. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत साधारण 20 टक्के मुलांची नावं शिक्षकांना दिली, ही यावर्षी चमकणार म्हणून, आणि नावं काढली होती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही. वर्षाअखेर पहिलीतल्या त्या मुलांचा आयक्यू सरासरी 27 पॉइंट वाढला, बाकीच्यांचा 12. दुसरीतही फरक होता. तिसरीच्या पुढे जवळपास काहीच नाही. म्हणून तर माझा संताप होतोय, नेमक्या ज्या वयात मूल सगळ्यात जास्त घडतं त्याच वयात हे "मान" काढून मोकळे.

हो, माहितीये, त्या प्रयोगातली टेस्ट एवढ्या लहान मुलांसाठी भरवशाची नव्हती असा आक्षेप आहे, नंतरच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान निघाला, आणि शिक्षकांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच असतो. असू दे. ज्या मुलांना आधीच सगळीकडून कमी लेखलं जातं त्यांच्यावर परिणाम जास्त होतो हेही त्याच अभ्यासांत आहे, ते कोणी सांगत नाही.

पुढच्या वर्षी आम्हाला नवीन बाई आल्या. त्यांना आमच्यातलं कोण हुशार कोण ढ काहीच माहीत नव्हतं. माझी ती मैत्रीण उठली, नेहमीसारखी अडकली आणि बसायलाच निघाली, तर बाई म्हणाल्या "बसू नकोस, मी थांबलेय." सगळा वर्ग गप्प. ती कितीतरी वेळ बोटांवर काहीतरी करत राहिली आणि मग हळूच बरोबर उत्तर आलं. तिचा तेव्हाचा चेहरा आठवला की आत्ताही गळ्याशी येतं.

नंतर वाचलं की शिक्षकाने मुलांना आधी दोनेक आठवडे बघितलेलं असेल तर असे प्रयोग जवळजवळ चालतच नाहीत (राऊडेनबुश, 1984), मत एकदा पक्कं झालं की बाहेरून आलेल्या नावांच्या यादीने ते हलत नाही. आमच्या बाई नवीनच आल्या होत्या म्हणून जमलं असेल का? माहीत नाही. पण सरांनाही कोणीतरी मागच्या वर्षीच सांगून ठेवलेलं असणार, ही हुशार आणि ती नाही.

भाच्याच्या मॅडमवर आता तेवढा राग नाही खरं तर, बाई मनाने चांगल्या वाटल्या, वर्गात पोरंही खच्चून भरलीयत. पण ताईला सांगितलंय, पुढच्या मीटिंगला मार्क विचारू नकोस. विचार, की तो चुकतो तेव्हा तुम्ही त्याला पुढे काय विचारता? शेवटचा अवघड प्रश्न कधी विचारलात त्याला, आणि तो गप्प राहिला तेव्हा किती थांबलात? आणि "त्याच्या मानाने" म्हणाल्या तर मीच येते परत.