‘पापणीच तर सुजलीय’ : या मेसेजमध्ये नेमकं कुठे चुकतंय

‘लहान पोराचा डोळा सुजला की लगेच दवाखान्यात पळू नका. डास चावलेला असतो नाहीतर रांजणवाडी असते. गरम शेक द्या, मेडिकलमधून थेंब आणा, ताप असेल तर तापाचं औषध द्या. तीन-चार दिवसांत उतरतंच. डॉक्टर उगाच सीटी काढायला लावतात, त्या किरणांनी पोरांचं नुकसान होतं.’

पहिलं वाक्य सोडलं तर यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलंच जास्त फिरतं. डास किंवा किडा चावल्यावर पापणी सकाळी टम्म फुगते, पण खाज असते, दुखत नाही, ताप नसतो आणि पोरगं खेळत असतं. रांजणवाडीत पापणीच्या कडेला एक ठसठसणारी पुळी बोटाला लागते. तिला दिवसातून तीन-चार वेळा ५ ते १० मिनिटं कोमट शेक हाच उपाय. ती फोडायची नाही. इथवर भांडण नाही.

प्रश्न उरतो तो लाल, गरम, दुखऱ्या पापणीचा. पापणीच्या आत एक पातळ पडदा असतो, ऑर्बिटल सेप्टम. तो डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेपासून निघून पापणीत उतरतो. संसर्ग पडद्याच्या पुढे असेल तर तो प्रीसेप्टल सेल्युलायटिस, म्हणजे पापणीपुरता. मागे असेल तर ऑर्बिटल सेल्युलायटिस, म्हणजे जिथे डोळा हलवणारे स्नायू आणि दृष्टीची नस आहे तिथे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि पापणीचा फोटो पाठवून निदान मागणाऱ्यांची गफलत इथेच होते: फोटोत फक्त पडद्यापुढचा भाग येतो.

मागचा संसर्ग बहुतेक वेळा चावलेल्या जागेतून नव्हे, तर नाकातून येतो. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या वरच्या भागात एथमॉइड नावाच्या पोकळ्या असतात. त्या जन्मापासून असतात. त्यांच्यात आणि डोळ्याच्या खोबणीत जी हाडाची भिंत आहे ती इतकी पातळ की तिचं नावच ‘कागदी पत्रा’ अशा अर्थाचं आहे: लॅमिना पॅपिरेशिया. सर्दी मुरली, पोकळीत पू साठला, की तो या भिंतीतून पलीकडे झिरपतो. शिवाय या भागातल्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे संसर्ग उलटा मेंदूच्या दिशेनेही जाऊ शकतो. म्हणून ‘काय चावलं?’ याच्या आधी ‘सर्दी किती दिवस आहे?’ हे विचारायचं.

एक उदाहरण घेऊ. राधानगरीकडचा सहा वर्षांचा, २० किलो वजनाचा मुलगा समजा. आठ दिवस नाक वाहतंय, आता पिवळट घट्ट झालंय. शनिवारी सकाळी डाव्या पापणीला सूज आणि १०१ ताप. मेसेजप्रमाणे शेक, थेंब आणि पॅरासिटामॉल झालं. दुपारी ताप उतरला, सगळे निवांत. पण पॅरासिटामॉलने कुठल्याही कारणाचा ताप तात्पुरता उतरतो, त्यावरून पडद्यामागचं काहीच कळत नाही. उलटही खरं आहे: ताप नसलेल्या मुलातही ऑर्बिटल सेल्युलायटिस सापडतो.

शनिवारी सकाळीच घरी करण्यासारखी एक गोष्ट होती. हात धुवायचे, मुलाला मांडीवर घेऊन उजेडाकडे तोंड करायचं. अंगठा भुवईच्या हाडावर ठेवून कातडी वर ओढायची, म्हणजे पापणी उघडते. बुबुळावर दाब पडू द्यायचा नाही. आता चार गोष्टी बघायच्या. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे, की लालबुंद होऊन पाण्याच्या फुगवट्यासारखा वर आलाय? डोकं स्थिर ठेवून पेन्सिल वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवली तर दोन्ही डोळे बरोबर फिरतात का, आणि फिरवताना दुखतं का? मुलाच्या मागे उभं राहून कपाळावरून खाली पाहिलं तर एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलाय का? आणि चांगला डोळा तळहाताने झाकला तर सुजलेल्या डोळ्याने बोटं मोजता येतात का? जमलं तर औषधाच्या बाटलीचं लाल झाकणही आळीपाळीने दोन्ही डोळ्यांना दाखवा. आजारी डोळ्याला लाल रंग विटल्यासारखा दिसला तर नसेवर ताण आहे.

बोलता न येणाऱ्या बाळाची नजरही तपासता येते. सुजलेला डोळा झाकला तर ते फार कुरकुरत नाही. चांगला डोळा झाकल्यावर मात्र चिडून हात ढकलू लागलं, तर दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत नाहीये. पापण्या उघडतच नसतील तर जोर लावू नका. ‘डोळा बघता आला नाही’ हेच तातडीने दवाखाना गाठायला पुरेसं कारण आहे.

पांढरा भाग स्वच्छ, हालचाल पूर्ण आणि न दुखता, नजर ठीक, मूल तरतरीत, वय एक वर्षाच्या वर: असं असेल तर डॉक्टर बहुधा प्रीसेप्टल म्हणून तोंडाने प्रतिजैविक देतील, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट बऱ्याचदा, पाच ते सात दिवस, आणि २४ ते ४८ तासांत पुन्हा बोलावतील. या फेरतपासणीला जाणं औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण पापणीपुरता वाटलेला संसर्ग मागचाच होता, हे त्या दुसऱ्या दिवशीच उघडं पडतं. सकाळी सूज थोडी जास्त दिसणं चालतं. झोपल्यावर पाणी सैल पापणीत उतरतं. तुलना दुपारशी दुपार अशी करा.

थेंबांबद्दल: डोळे आल्यावर थेंब चालतात कारण संसर्ग पृष्ठभागावर असतो. पडद्यामागे त्यांचा उपयोग होईल इतका अंश पोचत नाही. त्यातही कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरचे स्टिरॉइड मिसळलेले थेंब आणले, तर लाली कमी दिसते आणि आत आजार चालूच राहतो. हळदीचा लेप आणि काजळ यांनी तर तपासणाऱ्याला पापणीचा खरा रंगही दिसत नाही.

आपल्या उदाहरणातला मुलगा रविवारी दुपारी डोळा उघडेना. हाताने उघडल्यावर डोळा बाहेरच्या बाजूला सरकलेला, नाकाकडे वळवताना रडतो. आता ‘तीन-चार दिवस’ हातात नाहीत. खोबणी म्हणजे हाडाची वाटी. पू आणि सूज वाढली की दाब दृष्टीच्या नसेवर येतो, आणि नजर काही तासांत जाऊ शकते. तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, सुस्ती, मान ताठ होणं, झटका, किंवा एका डोळ्यानंतर दुसराही सुजू लागणं, ही संसर्ग मेंदूकडे किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरेच्या पोकळीकडे गेल्याची खूण धरायची. तेव्हा १०८. दवाखान्यापर्यंत पोचायचा वेळही हिशोबात धरा, विशेषतः पावसाळ्यात. निघण्यापूर्वी फोन करून विचारा: सीटी आत्ता चालू आहे का, आणि बालरोग, नेत्र व कान-नाक-घसा हे तिन्ही डॉक्टर तिथे आहेत का. कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी, हा आजार तिघांचा मिळून आहे. वाटेत मुलाला खायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर अडचण होते.

सीटीचं म्हणाल तर किरणांचा धोका लहान आहे, पण शून्य नाही, आणि म्हणूनच वर सांगितलेल्या स्वच्छ डोळ्याच्या मुलाला सीटी काढत नाहीत. काढतात ते डोळा पुढे आलाय, हलत नाही, नजर कमी आहे, डोळा उघडून तपासताच येत नाही, मेंदूची लक्षणं आहेत, किंवा शिरेतून औषध देऊनही २४ ते ४८ तासांत उतार नाही, तेव्हा. साध्या एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. एमआरआयला किरणं नसतात आणि मेंदूकडचा पसरावा त्यात जास्त चांगला दिसतो, पण मुलाला बराच वेळ निश्चल ठेवावं लागतं, बऱ्याचदा भूल देऊन. सीटीचं काम पटकन उरकतं.

मात्र सीटी कसा काढला याला महत्त्व आहे. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळून दिसणारं औषध देऊन, डोळ्याच्या खोबण्या, नाकाभोवतीच्या पोकळ्या म्हणजे सायनस आणि मेंदूचा शेजारचा भाग असा एकत्र, समोरून कापल्यासारख्या छेदांसह. कॉन्ट्रास्टशिवाय काढला तर गळू आणि नुसती सूज यातला फरक ओळखणं अवघड जातं, कॅव्हर्नस सायनसमधली गुठळीही निसटू शकते, आणि मग दुसरा सीटी काढावा लागतो. किरणांचीच काळजी असेल तर ती इथे करावी.

त्या मुलाच्या सीटीत समजा एथमॉइड पोकळ्या भरलेल्या आहेत, आणि कागदी भिंतीला लागून, हाडाच्या आवरणाखाली, कडा उजळलेली भिंगाच्या आकाराची पुवाची पिशवी आतल्या स्नायूला बाहेर ढकलतेय. हा सबपेरिऑस्टियल ॲब्सेस, म्हणजे हाडाच्या आवरणाखालचं गळू. उपचार मात्र सीटीची वाट बघत थांबवायचे नाहीत: कुठला जंतू आहे ते शोधण्यासाठी रक्ताचा कल्चर घ्यायचा आणि लगेच शिरेतून पहिला डोस. २० किलोला नमुन्यादाखल सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम दर १२ तासांनी आणि व्हॅन्कोमायसिन ३०० मिलिग्रॅम दर ६ तासांनी. व्हॅन्कोमायसिन किमान तासभर हळूहळू द्यायचं, घाईत दिलं तर अंग लालबुंद होतं. मूत्रपिंड आणि औषधाची पातळी तपासत राहावी लागते. मेंदूकडे पसरल्याची शंका असेल तर मेट्रोनिडॅझोल जोडतात. डोस ठरवणारे डॉक्टरच. आकडे यासाठी की घरी दोन चमचे सिरपने हे का भागत नाही ते दिसावं.

ॲब्सेस म्हटलं की लगेच चाकू असंही नाही. नऊ वर्षांखालचं मूल, आतल्या बाजूचा छोटा ॲब्सेस, शाबूत नजर, कपाळाच्या सायनसला आणि मेंदूला धक्का नाही, अशा वेळी एक-दोन दिवस औषधांवर बघता येतं. त्या काळात दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, नजर आणि बाहुलीची उजेडाला होणारी प्रतिक्रिया तपासायची. झोपलेल्या मुलाला रात्री तीनला उठवणाऱ्या सिस्टरवर चिडू नका, ती नेमकं हेच करतेय. नजर घसरली तर शस्त्रक्रिया त्याच वेळी. ४८ तासांत उतार नसेल तरीही पू काढावा लागतो, बहुतेकदा नाकातून दुर्बिणीने. उतार पडला तर पुढे तोंडाच्या औषधांवर नेतात आणि एकूण कोर्स साधारण दोन ते तीन आठवडे चालतो. पाचव्या दिवशी डोळा उघडला म्हणून बाटली कपाटात गेली, तर एथमॉइडमधला उरलेला पू पुन्हा तोच रस्ता धरतो.