भेंडीच्या बियाण्याविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

«हायब्रीड भेंडीचे बी धरले तर उगवत नाही, आणि गावरान भेंडीवर रोग येत नाही.»

ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. हायब्रीडचे धरलेले बी उगवते, हे ओल्या गोणपाटात ठेवून कोणालाही पाहता येईल; मात्र पुढच्या पिढीत गुण विखुरतात, झाडे व फळे एकसारखी राहत नाहीत आणि पहिल्या पिढीचे जादा उत्पन्न घटते. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळ्या शिरांचा रोग गावरान वाणावरही येतो. पुसा सावनी या सरळ वाणाची या रोगाविरुद्धची सहनशक्ती कालांतराने ढासळली, तर रानटी भेंडीच्या संकरातून निवडलेली परभणी क्रांती सरळ वाण असल्याने तिचे बी धरता येते. मात्र मधमाश्यांमुळे परागसंकर होत असल्याने बियाण्याचा प्लॉट इतर भेंडीपासून दूर हवा. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.