छातीतली आग म्हणजे विष बाहेर पडणे नव्हे

‘रोज सकाळी गॅसची गोळी घेणाऱ्यांनो, सावध व्हा! या गोळीने किडनी फेल होते, हाडे भुसभुशीत होतात. आजच्या आज बंद करा. आठ-पंधरा दिवस छातीत आग होईल, ती होऊ द्या, साचलेले विष बाहेर पडत आहे.’

लोकांत फिरणाऱ्या या संदेशातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातील आम्ल तयार करणारे पंप बंद पाडतात. आम्ल कमी झाल्याचे लक्षात येताच शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक जास्त सोडू लागते आणि त्यामुळे आम्लाला चालना देणाऱ्या पेशी वाढतात. गोळी थांबली की पंप काही दिवसांतच पुन्हा सुरू होतात, पण वाढलेल्या पेशी ओसरायला काही आठवडे जातात, आणि मधल्या काळात पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल पाझरते. 2009 साली डेन्मार्कमध्ये पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या 120 निरोगी माणसांवर हे तपासले गेले. आठ आठवडे गोळी घेऊन ती सोडलेल्यांपैकी 44 टक्के लोकांना पुढच्या महिन्याभरात जळजळ वा आंबट ढेकर असा त्रास झाला, तर नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. म्हणजे ही आग विषाची नाही, आणि मूळ आजार उलटल्याचा तो पुरावाही नाही.

किडनी आणि हाडांविषयीची भीती मात्र पूर्णपणे हवेतून आलेली नाही. ही गोळी घेणाऱ्यांत किडनीचे आजार व हाडे मोडणे थोडे जास्त आढळल्याचे अनेक निरीक्षणांत दिसले, पण अशी गोळी मुळातच जास्त आजारी माणसांना दिली जाते, त्यामुळे दोष गोळीचा की आजाराचा हे त्यातून ठरत नाही. सतरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या कंपास चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून सुमारे तीन वर्षे पाहिले, तेव्हा पॅन्टोप्राझोलच्या गटात स्पष्टपणे वाढलेला आढळला तो फक्त आतड्यांचा संसर्ग, 1 टक्क्याऐवजी 1.4 टक्के. दहा-पंधरा वर्षांच्या वापराबद्दल ही चाचणी काही सांगू शकत नाही. क्वचित एखाद्याच्या किडनीला या गोळीने सूज येते, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12 व मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हेही खरे आहे. म्हणून विनाकारण चालू असलेली गोळी थांबवलीच पाहिजे. माझा आक्षेप ‘आजच्या आज, सर्वांनी’ याला आहे.

कारण काहींनी ती थांबवायचीच नसते. ज्यांच्या अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झाला आहे, अन्ननलिकेला खोल जखमा आहेत, किंवा स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी ही गोळी ढाल आहे. आपल्याकडे कापूस वेचून गुडघे धरले की दुकानातून डायक्लोफिनॅक आणून महिनोन्‌महिने खाल्ली जाते. अशा साठीच्या मावशीने दुखण्याची गोळी चालू ठेवून गॅसची तेवढी सोडली, तर जठरात आधी कळही न येता रक्त वाहू शकते. डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, वजन उतरणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. चालताना छातीत आग होऊन घाम सुटत असेल, तर गॅसचा विचार नंतर, आधी ईसीजी.

यवतमाळ जिल्ह्यातील एका 52 वर्षांच्या शेतकरी भाऊंची गोष्ट वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी तापाच्या औषधांसोबत लिहून दिलेली 40 मिलिग्रॅमची पॅन्टोप्राझोल त्यांनी पुढे चालूच ठेवली होती. संदेश वाचून सोडली आणि पाचव्या दिवशी आले. “डॉक्टरसाहेब, गोयी सोडली तं रातभर छातीत आग पडते जी,” म्हणाले. मधे त्यांनी गोळी अर्धी मोडूनही पाहिली होती. या गोळीवरचे आवरण जठरातील आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असते; मोडली की औषध पोहोचण्याआधीच वाया जाते. म्हणून 20 मिलिग्रॅमची वेगळी गोळी दिली, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, चार आठवडे. त्यानंतर दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. मधल्या रात्री जळजळ झालीच तर दोन चमचे अँटासिडचे पातळ औषध घ्यायचे ठरले. खाण्याच्या सोड्याला नाही म्हटले, कारण त्यांना बीपी होता आणि सोड्यातून सोडियम जाते. खर्रा सोडणे आणि रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटोपणे, हेही सोबत होतेच. बंद केल्यावर दुसऱ्या आठवड्यात जळजळ वाढली, पण आधीच सांगून ठेवल्यामुळे ते घाबरले नाहीत, आणि सहाव्या आठवड्यात अँटासिडची बाटली अर्धी शिल्लक असताना त्यांनी ती परत आणून टेबलावर ठेवली.