डोकं दुखतंय? मग ब्राइटनेस कमी नका करू, वाढवा

स्क्रीनपुढे बसलं की डोकं दुखतं म्हटलं की समोरचा हमखास म्हणणार, अरे ब्राइटनेस कमी कर ना मग. बऱ्याच लॅपटॉपवर नेमक्या याच सल्ल्याने दुखणं वाढतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

होतं काय, ब्राइटनेस शंभरवरून खाली आणला की अशा स्क्रीनमागचे एलईडी मंद होतच नाहीत, फुल पॉवरनेच लागतात पण भराभर लागतात-विझतात आणि आपल्याला उजेड कमी वाटतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. समजा सेकंदाला 200 वेळा हे चाललंय, म्हणजे एक फेरी 5 मिलिसेकंदांची. ब्राइटनेस 30 टक्के ठेवला की त्यात दीड मिलिसेकंद उजेड आणि साडेतीन मिलिसेकंद चक्क अंधार. ब्राइटनेस जितका खाली तितका अंधाराचा वाटा जास्त. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, माझ्या शेजारचा त्याच मॉडेलवर दिवसभर मजेत काम करतो, पण ज्याला होतो त्याचं कपाळ ठणकायला लागतं.

तपासायचं कसं? खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर त्यांचा फ्लिकर मध्ये येतो. स्क्रीनवर पांढरं कोरं पान उघडा, मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर 1/2000 ठेवा, अंधारं दिसलं तर आयएसओ वाढवा. आता ब्राइटनेस हळूहळू खाली आणा. शंभरला साफ असलेल्या पानावर काळे पट्टे आले आणि खाली नेत जाल तसे रुंद होत गेले, की समजायचं हेच. पट्टे नाहीतच आले तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या, उगाच मॉनिटरला दोष नको.

पट्टे आले तर फुकटातला उपाय म्हणजे ब्राइटनेस शंभरलाच ठेवायचा आणि अंधार सॉफ्टवेअरने करायचा, ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमधून किंवा स्क्रीनवर काळा थर टाकणाऱ्या एखाद्या ॲपने. कॉन्ट्रास्ट थोडा मरतो, बॅटरी जास्त खाते, चालायचंच. ओलेड फोनवरही हाच डाव, स्लायडर वर ठेवून अँड्रॉइडमध्ये Extra dim, आयफोनमध्ये Reduce White Point.

नवीन मॉनिटर घेताना दुकानदार हमखास 144 हर्ट्झ पुढे करतो. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, तो चित्र बदलण्याचा वेग, बॅकलाइटचा नाही. ब्लू लाइट फिल्टरचंही तेच, तो रंग बदलतो, फ्लिकर नाही. आपल्याला हवं डीसी डिमिंग, म्हणजे करंटच कमी करून मंद होणारा बॅकलाइट. आणि खोक्यावर फ्लिकर-फ्री लिहिलंय म्हणून लगेच पैसे काढू नका, काही मॉनिटर वरच्या ब्राइटनेसला डीसी वापरतात आणि अगदी खाली गेलं की गुपचूप पीडब्ल्यूएमवर येतात. दुकानातच मोबाइल काढा, ब्राइटनेस थेट शून्यापर्यंत नेऊन बघा, आणि मोशन ब्लर कमी करणारा मोड चालू असेल तर आधी बंद करायला सांगा, कारण तो मुद्दामच बॅकलाइट लुकलुकवतो आणि चांगला मॉनिटरही नापास होईल.