धाकट्या भावाला पत्र लिहिताय? तीन म्हणी पुरे, पण त्या घरातल्या हव्यात

माझा धाकटा भाऊ, ओम्या, इंजिनिअरिंगसाठी नांदेडला चाललाय. कोपरखैरण्यातून इतक्या लांब शिकायला जाणारा आमच्या घरातला हा पहिलाच, त्यामुळे घरात लाडू, चिवडा, बादली, उशी असं सगळं चालू आहे आणि मी ठरवलं की त्याला पत्र लिहायचं, हाताने, फुलस्केपच्या दोन बाजू, त्याहून जास्त नाही. मैत्रिणींनी विचारलं की काय लिहिलंस, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, कारण अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत आणि बऱ्याच ताया-दादांच्या डोक्यात हेच चाललं असेल.

माझं स्पष्ट मत आहे की अशा पत्रात सुविचार घालू नयेत. 'मेहनतीला पर्याय नाही', 'स्वप्नं मोठी बघ' हे त्याने दहावीपासून प्रत्येक निरोप समारंभात ऐकलंय. त्यापेक्षा आपल्याच घरात रोज बोलल्या जाणाऱ्या म्हणी घ्याव्या, जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारावे. ही म्हण आपल्या घरात कोण म्हणतं? आणि हॉस्टेलवर नेमक्या कुठल्या दिवशी ती त्याच्या कामाला येणार? दोन्हीची उत्तरं नसतील तर म्हण कितीही छान असो, काढून टाकावी. 'थेंबे थेंबे तळे साचे' मी याच कारणाने काढली, आमच्या घरात ती कोणीच म्हणत नाही.

पहिली म्हण आबांची. आधी पोटोबा, मग विठोबा.

आबा माथाडी कामगार, वाशीच्या मार्केटमध्ये, दाणाबंदरात. सकाळी गाडी लागायच्या आधी सगळी टोळी खाऊन घेते, हा त्यांच्याकडचा कडक नियम, कारण पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून उतरताना चक्कर आली तर पाय जातो. आबा ही म्हण देवाधर्मावर बोलायला वापरतच नाहीत, ते कामाच्या सुरक्षिततेसाठी वापरतात, आणि ओम्याला हे माहितीय कारण त्याने लहानपणी मार्केटमध्ये जाऊन थप्पी लावताना बघितलंय. म्हणून मला 'वेळेवर जेवत जा' असं लिहावंच लागलं नाही. मी लिहिलं:

'ओम्या, आबा उपाशीपोटी गोणीला हात लावत नाहीत, तू उपाशीपोटी वर्कशॉपच्या मशीनला हात लावू नकोस. सकाळचं प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी नाश्ता चुकला तर निदान दोन केळी खाऊन जा. आणि मेसचे पुढचे पैसे भरायच्या आधी खाड्याचा नियम विचार. खाडा किती आधी सांगावा लागतो, सलग किती दिवसांचा धरतात आणि पैसे परत मिळतात की पुढच्या महिन्यात वळते होतात, हे तिन्ही विचार.'

हे खाड्याचं मुद्दाम लिहिलं. पहिल्या महिन्यात पोरं मेसच्या भाजीला कंटाळून बाहेर खातात, मेसचे पैसे भरलेलेच असतात, म्हणजे एका जेवणाचे दोनदा पैसे जातात, आणि महिनाअखेरीला पैसे संपले की तीच पोरं बिस्किटावर झोपतात. पोट आणि पैसा इथे एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून दुसरी म्हण ओघानेच आली.

ती आईची. अंथरूण पाहून पाय पसरावे.

ही म्हण मुलांना नुसती सांगितली की ती ऐकू येते 'खर्च करू नकोस' अशी, आणि मग त्यांना घरी पैसे मागायची लाज वाटायला लागते. म्हणून मी पत्रात आधी अंथरूणच मोजून दिलं. महिन्याला आपण त्याला ५५०० देऊ शकतो. त्यातले ३००० मेसचे, ते महिन्याच्या सुरुवातीलाच भरायचे. ५०० घरी येण्याच्या तिकिटाचे, त्याला हात लावायचा नाही. राहिले २०००. त्यातले दर रविवारी ४०० याप्रमाणे चार आठवड्यांचे १६००, आणि उरलेले ४०० झेरॉक्स, जर्नल आणि महिन्याच्या वरच्या दोन-तीन दिवसांसाठी. पहिल्या सेमिस्टरला मीच दर रविवारी पाठवणार, दुसऱ्यापासून सगळे एकदम देणार आणि तो स्वतः वाटणी करणार. हातात फोन आणि यूपीआय असला की २००० रुपये महिनाभराचे आहेत हे कळतच नाही, पण आठवड्याचे ४०० कळतात, बुधवारी ८० उरले असतील तर त्याला स्वतःलाच दिसेल की काहीतरी बिघडलंय.

पण आईच्या म्हणीचा एक भाग कोणी सांगत नाही, की अंथरूण वाढवताही येतं आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो. महाडीबीटी पोर्टलवर फीच्या शिष्यवृत्त्या आहेत, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता म्हणून योजना आहे ज्यात नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांचा विचार केलाय. आबांसारख्यांच्या पोरांनी तरी हे विचारायलाच हवं, पण कित्येक घरांत नावच माहिती नसतं. प्रत्येक योजनेच्या प्रवर्गाच्या आणि उत्पन्नाच्या अटी वेगळ्या असतात म्हणून मी लिहिलं की हे वाचलंस की लगेच कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जाऊन आपल्याला काय काय लागू होतं ते विचार, उत्पन्नाचा दाखला फाईलमध्ये निळ्या फोल्डरला आहे. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावरच येतात, त्यामुळे ते खातं कुठलं हे पक्कं करून ठेव. आणि एकदा मिळाली की झालं असं नसतं, दर वर्षी रिन्यू करावी लागते आणि त्याला मार्कशीट लागते.

त्याच परिच्छेदात एक ओळ झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवर लिहिली, कारण कॉलेजच्या पोरांना त्याच्या जाहिराती भरपूर येतात. अ‍ॅप जर कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटोंची परवानगी मागत असेल तर तिथेच थांब. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत कर्जाच्या अ‍ॅपनी कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फाईल्स यांना हात लावायचा नाही असं सांगितलेलंच आहे, म्हणजे जे मागतंय ते वसुलीच्या वेळी तुझ्या मित्रांना आणि आईला फोन करायला मागतंय असं समज. ५०० कमी पडले तर मला सांग, मी रागावले तरी व्याज लावणार नाही.

तिसरी म्हण आजीची, पाटणकडच्या गावाची, आमच्या घरात सगळ्यात जास्त चालणारी. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ही मी पत्रात घेतली ती मोडण्यासाठी.

आजीने ती ज्या दिवसांत वापरली ते मला समजतं. घरात धान्य नसताना शेजाऱ्यांना कळू न देणं हे तिचं बळ होतं आणि त्यासाठी मला तिचा अभिमान आहे. पण हॉस्टेलवर गेलेल्या पोराने हीच म्हण धरली की काय होतं ते आमच्या वसाहतीत आम्ही बघितलंय. एक मुलगा, हुशार, बाहेरगावी शिकायला गेला, पहिल्या सेमिस्टरला दोन विषय गेले. घरी 'निकाल चांगला आहे' म्हणाला. दुसऱ्याला अजून दोन. मग बॅकलॉगचं ओझं इतकं झालं की पुढच्या वर्षात प्रवेशच मिळाला नाही, इयर डाऊन, पण घरून फीचे पैसे येतच राहिले आणि तो रूमवर बसून राहिला. घरी कळलं ते शिष्यवृत्ती रिन्यू झाली नाही म्हणून वडिलांनी चौकशी केली तेव्हा. दोन विषय गेले होते तेव्हाच बोलला असता तर सुट्टीत अभ्यास करून सुटले असते, इतकंच होतं ते. आज तो बरा आहे, नोकरीला आहे, पण मधली वर्षं त्याने एकट्याने काढली याचं मला अजूनही वाईट वाटतं.

म्हणून ओम्याला लिहिलं, आणि हा परिच्छेद लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला:

'आजीची मूठ जगासाठी झाकलेली असू दे, माझ्यासमोर उघडायची. विषय गेला, पैसे संपले, कोणी त्रास दिला, रूममध्ये करमत नाही, काहीही. आधी मला सांग, आबा-आईला कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. माझा पहिला प्रश्न "असं कसं झालं" हा नसेल, "जेवलास का" हा असेल. फोनवर बोलता येत नसेल तर फक्त "ताई, मूठ" एवढं टाईप कर, मी ऑफिसमधून बाहेर येऊन फोन करीन.'

शेवटची सोय फार उपयोगाची आहे असं मला मनापासून वाटतं, कारण अठरा वर्षांच्या मुलाला 'मला त्रास होतोय' हे वाक्य टाईप करायला खूप जड जातं.

त्याच्याखाली रॅगिंगचं लिहिलं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि लेखी तक्रार आल्यावर कॉलेजच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. यूजीसीची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. मन फारच खाली गेलं तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे. हे दोन्ही नंबर मी पत्रात मोठ्या अक्षरात लिहिलेत आणि त्याच्या फोनमध्येही सेव्ह केलेत. 'सिनियर आहेत, थोडं चालतं, झाकून घ्यायचं' असं कोणी म्हणालं तर ते ऐकायचं नाही हेही लिहिलं.

आता पत्र द्यायचं कसं. स्टेशनवर सगळ्यांसमोर हातात देऊ नका, आई रडत असते, मित्र आलेले असतात, तो न वाचताच खिशात कोंबणार. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच, दोन दिवसांत दोनशे मेसेजखाली जातं. आणि बॅगेत अगदी वर ठेवलं तर गाडीत वाचतो, घर सुटल्याच्या त्या तासात नियम आणि हिशोब डोक्यात शिरत नाहीत. मी ओरिजिनल डॉक्युमेंटच्या फाईलमध्ये, उत्पन्नाच्या दाखल्याच्या मागे ठेवलंय. रिपोर्टिंगच्या गडबडीत तो तिथपर्यंत जाणार नाही, पण स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसला की तो दाखला काढावाच लागेल, तोवर आठवडाभर राहून झालेला असेल, मेसची चव कळलेली असेल आणि प्रश्न पडायला लागलेले असतील.

सहीच्या खाली एकच गोष्ट लिहिलीय. दिवाळीला येण्याचं देवगिरी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन. बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, मराठवाड्यातून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या सणाला पटकन भरतात, म्हणून कॅलेंडरवर दिवस मोजून तारीख पत्रात घातलीय आणि लिहिलंय की त्या दिवशी पावणेआठला लॉगिन करून बस, मीही इकडून बसते, ज्याचं आधी होईल त्याने दुसऱ्याला लगेच फोन करायचा.